नोटिफिकेशन बंद केल्या, पण धोक्याची घंटा चालू ठेवली : सात महिन्यांचा अनुभव

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते, समोर दहा माणसं उभी असतात आणि खिशातला फोन सतत थरथरत असतो. खरेदीच्या ॲपची सूट, बातम्या, गेमचं बोलावणं, कर्जाच्या जाहिराती. शेजारचा चहावाला एकदा म्हणाला, "तुना फोन गैरा वाजस रे भो!" त्याच दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन एकामागून एक सगळ्या ॲपच्या नोटिफिकेशन बंद केल्या. त्यात जीमेलही बंद झालं.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाला दोन गिऱ्हाइकांचे फोन आले. माझ्या मेलवरून त्यांना पैसे मागणारा मेल गेला होता. जीमेल उघडलं तर इनबॉक्समध्ये संशयास्पद काहीच दिसेना. शेवटी डिलीट झालेल्या मेलच्या कचरापेटीत गूगलचा सिक्युरिटी अलर्ट सापडला. रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झाल्याचं त्यात लिहिलं होतं. आत शिरलेल्या माणसाने मेल डिलीट केला होता. शिवाय एक फिल्टरही बनवून ठेवला होता, म्हणजे यापुढचे असे अलर्ट आपोआप कचऱ्यात जातील. मी एका जुन्या वेबसाइटवर हाच पासवर्ड वापरला होता, तिथूनच तो गेला असावा. पासवर्ड बदलला, अनोळखी डिव्हाइस साइन आउट केलं, फिल्टर काढला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. पण तोवर आठ तास हातातून गेले होते.

त्यानंतर जी घडी बसवली, तिला आता सात महिने झाले. ती कशी चालली, ते सांगतो.

आधी समजून घेतलं की आवाज नेमका कुठून येतो. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲपला आपल्या नोटिफिकेशन वेगवेगळ्या गटांत टाकाव्या लागतात. नको असलेली नोटिफिकेशन आली की ती दाबून धरायची, ती कोणत्या गटातली आहे ते दिसतं आणि तेवढाच गट बंद करता येतो. खरेदीच्या ॲपमध्ये मी जाहिरातींचा गट बंद केला, पार्सल कुठवर आलं तो चालू ठेवला. असं पंधरा दिवस, येईल तसं करत गेलो. एकदम बसून सगळं बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण काय बंद करतोय ते समोर दिसत असतं. काही ॲप मात्र जाहिरात आणि कामाची सूचना एकाच गटात कोंबतात. त्यांच्यापुढे उपाय नाही, ती मी पूर्ण बंद केली आणि गरज लागली की स्वतः उघडून बघतो.

एका ॲपला मात्र कधीही हात लावायचा नाही, ते म्हणजे गूगल प्ले सर्व्हिसेस. नाव बघून निरुपयोगी वाटतं, म्हणून लोक बंद करून टाकतात. पण "साइन इन करणारे तुम्हीच का?" हा हो-नाहीचा प्रश्न अँड्रॉइड फोनवर त्याच्यामार्फत येतो. तो मेलबॉक्समधून येत नाही, त्यामुळे मेलबॉक्सात कुणी फिल्टर लावला तरी तो अडत नाही.

जीमेलला वेळ लागला. फिल्टर फोनच्या ॲपमध्ये बनत नाही, कॉम्प्युटरवर बसावं लागतं. शोधाच्या पट्टीत मी हे टाकलं:

```
from:(no-reply@accounts.google.com)
```

त्यावरून फिल्टर बनवला, "सुरक्षा" नावाचं लेबल लावलं आणि Never send it to Spam वर खूण केली. मग फोनमधल्या जीमेलच्या सेटिंगमध्ये त्या खात्याच्या नोटिफिकेशन All केल्या. लेबलांच्या यादीत "सुरक्षा" उघडून आधी Sync messages चालू केलं, नंतर Label notifications. हे सिंक राहिलं तर लेबल असूनही फोन वाजत नाही. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं. मग Primary आणि बाकीच्या लेबलांची नोटिफिकेशन काढून टाकली. आता माझं जीमेल फक्त "सुरक्षा" आलं तरच वाजतं. म्हणूनच रात्री डू नॉट डिस्टर्ब लावताना जीमेलला सूट देता येते. आधी ती दिली असती तर रात्रभर सगळेच मेल वाजले असते.

दुसरी तजवीज जास्त महत्त्वाची वाटते. रिकव्हरी ईमेल म्हणून माझाच एक जुना, कधी न उघडलेला पत्ता दिलेला होता. आता बायकोचा दिला आहे. माझ्या खात्याचा सिक्युरिटी अलर्ट तिच्याकडेही जातो आणि माझ्या मेलबॉक्समधला फिल्टर तिथे पोहोचू शकत नाही. तिच्या फोनमध्येही हेच लेबल बनवून दिलं.

सगळं नीट बसलंय का हे कळायला एकच उपाय आहे: स्वतः वाजवून बघणं. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर इनकॉग्निटो विंडो उघडून माझ्या खात्यात लॉगिन केलं आणि दोन्ही फोन टेबलावर समोर ठेवले. प्ले सर्व्हिसेसचा प्रश्न लगेच आला. मेल बायकोच्या फोनवर वाजला, माझ्यावर नाही. शोधल्यावर दिसलं की फोनच्या बॅटरी सेटिंगने जीमेलला मागे चालण्यापासून रोखलं होतं. ते बंधन काढल्यावर पुढच्या वेळी वाजला. दर दोन महिन्यांनी मी ही चाचणी करतो, आणि फोन अपडेट झाल्यावर हमखास करतो. पण कधीकधी ओळखीच्या कॉम्प्युटरवर गूगल अलर्ट पाठवतच नाही. तेव्हा घडी मोडली असं लगेच समजू नका, दुसऱ्या डिव्हाइसवरून करून बघा.

सात महिन्यांत ही घंटा खरी म्हणावी अशी चार वेळा वाजली. तीन वेळा मीच होतो: नवा कॉम्प्युटर, पुतण्याचा लॅपटॉप, आणि एकदा मेलच्या प्रोग्रामला परवानगी दिली तेव्हा. चौथ्यांदा मार्चमध्ये, रात्री अकराच्या सुमारास, "तुम्हीच का?" हा प्रश्न आला. मी धुळ्याहून परतीच्या बसमध्ये होतो, कुठेही लॉगिन करत नव्हतो. नाही दाबलं. तो प्रश्न येतो म्हणजे समोरच्याकडे पासवर्ड बहुधा असतोच, म्हणून बसमध्येच पासवर्ड बदलला. मेलमधल्या लिंकवरून जायचं नाही, हे ठरलेलं आहे. ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करतो:

```
myaccount.google.com/notifications
```

तिथे अलीकडच्या सुरक्षा घडामोडी दिसतात. कोणत्या डिव्हाइसवरून प्रयत्न झाला ते बघितलं, मग फोन खाली ठेवला.

त्याच महिन्यात एक खोटा "सिक्युरिटी अलर्ट"ही आला होता, लोगोसकट. पण पाठवणारा पत्ता वेगळा, त्यामुळे लेबल लागलं नाही आणि फोन वाजला नाही. दोन दिवसांनी इनबॉक्स चाळताना दिसला.

आता मे महिन्यात दुकानातल्या मुलाचा फोन घेऊन बसणार आहे. त्याच्याकडे प्ले सर्व्हिसेस बंद आहे.