वकिलांच्या ओपिनियनचा अनुवाद करताना 'खात्रीचा तक्ता' : आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी इंग्रजीतून मराठीत कायदेशीर कागदपत्रांचे अनुवाद करते. करार, नोटिसा वगैरे ठीक चालतं, पण वकिलाचं लीगल ओपिनियन आलं की गडबड व्हायची, कारण करारात 'काय करायचं' ते लिहिलेलं असतं आणि ओपिनियनमध्ये 'आम्हाला किती खात्री आहे' ते. ती खात्री जराही कमी-जास्त झाली तर वाचणारा चुकीच्या भरवशावर पैसे लावतो. म्हणून आठ महिन्यांपासून मी एक तक्ता वापरतेय. साधी स्प्रेडशीट आहे, एका कॉलममध्ये मूळ वाक्यातला खात्री दाखवणारा शब्द, दुसऱ्यात त्याचं ठरवलेलं मराठी रूप आणि तिसऱ्यात ते मत कोणत्या गृहीतकावर टेकलंय त्याचा नंबर.

तक्त्याची सुरुवात एका चुकीतून झाली. एका कंपनीने कर्ज घेतलं होतं आणि तिच्या मूळ कंपनीने हमी दिली होती, त्या हमीवरचं ओपिनियन होतं. त्यात वाक्य होतं की कोर्ट 'शुड' होल्ड की हमी बंधनकारक आहे. मी सरळ लिहिलं, 'न्यायालयाने ही हमी बंधनकारक मानली पाहिजे.' दिसायला बरोबर, पण मराठीत 'पाहिजे' म्हटलं की कर्तव्य आलं, जणू वकील कोर्टाला सांगतोय. मूळ वकिलाला म्हणायचं होतं की कोर्ट बहुधा असंच ठरवेल, पण शंभर टक्के सांगत नाही. ओपिनियन लिहिणाऱ्यांमध्ये 'वुड' किंवा 'विल' म्हणजे जवळजवळ पक्कं आणि 'शुड' त्याच्या एक पायरी खाली, आणि टॅक्सच्या ओपिनियनमध्ये त्याखाली 'मोअर लाइकली दॅन नॉट' असतं, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त शक्यता. मराठीत आपण हे सगळं 'होईल' आणि 'होऊ शकते' या दोनच डब्यांत कोंबतो. आता मी 'विल'ला 'मानेल', 'शुड'ला 'मानण्याची दाट शक्यता आहे', आणि तिसऱ्याला 'न मानण्यापेक्षा मानण्याची शक्यता अधिक आहे' असं लिहिते, आणि पूर्ण दस्तऐवजात तेच रूप ठेवते, वाचायला कंटाळवाणं झालं तरी बदलत नाही. मूळ वकिलाने एकच शब्द तीनदा वापरला असेल आणि मी तीन वेगळे वापरले तर वाचणाऱ्याला वाटतं की खात्रीत फरक आहे.

तिसरा कॉलम सुरुवातीला मला जास्तीचा वाटला होता, पण खरा उपयोग त्याचाच झाला. त्याच ओपिनियनमध्ये वकिलाने आधीच लिहिलं होतं की सह्या खऱ्या आहेत आणि संचालक मंडळाचा ठराव रद्द झालेला नाही हे आम्ही स्वतः तपासलं नाही, गृहीत धरलं आहे. इंग्रजी वाक्य सहा ओळींचं, सुरुवातीला 'खालील गृहीतकं आणि मर्यादांच्या अधीन राहून' आणि मग तीन मतं (अ), (ब), (क). मी मराठीत सोयीसाठी तीन वाक्यं केली आणि 'अधीन राहून' फक्त पहिल्यात राहिलं, म्हणजे (ब) आणि (क) बिनशर्त झाली! आता वाक्य तोडलं की अट पुन्हा लिहायची, किंवा वर एक ओळ ठेवायची की पुढची तिन्ही मतं या अटींवर अवलंबून आहेत. अनुवादात 'गृहीत धरलं' आणि 'तपासून पाहिलं' यांची अदलाबदल झाली तर तोही घोटाळाच. 'आमच्या माहितीप्रमाणे' हेही गाळायचं नाही, तो शब्द भरतीचा वाटतो पण जबाबदारी कुठपर्यंत आहे ते तोच सांगतो.

तपासणी अशी करते: मूळ न पाहिलेल्या सहकाऱ्याला मराठी देते आणि विचारते, प्रत्येक मत किती पक्कं वाटलं, आणि कशावर अवलंबून आहे? मग उत्तरं तक्त्याशी जुळवून बघते. हमीच्या फाइलमध्ये सहकाऱ्याने (क) बद्दल 'यात काहीच अट नाही ना' असं विचारलं तेव्हाच ती चूक सापडली. मूळ शेजारी ठेवून मी स्वतः दोनदा वाचली होती तरी दिसली नव्हती, कारण डोक्यात इंग्रजी होतं.

हा तक्ता कमी कुठे पडतो तेही सांगते. वकिलाचा युक्तिवाद, म्हणजे 'या मुद्द्यावर थेट निकाल नाही, पण मिळत्याजुळत्या निकालावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो' यातलं अंतर, तक्त्यात पकडता येत नाही. तिथे 'म्हणून' लिहिलं तर सरळ सिद्ध झाल्यासारखं वाटतं, मी 'त्यावरून आम्हाला असं दिसतं' वापरते आणि परिच्छेद शब्दशः नाही पण पायरी पायरीने ठेवते. दुसरं, सगळे वकील 'शुड' एकाच अर्थाने वापरत नाहीत. शंका आली की मी तक्त्यावर विसंबत नाही, वकिलाला विचारते आणि त्याने सांगितलेला अर्थ त्या फाइलच्या तक्त्यात वर लिहून ठेवते. वेळही लागतो, दहा पानांच्या ओपिनियनला तक्ता भरायलाच अर्धा दिवस जातो, आणि घाईच्या कामात तो अर्धा दिवस क्लायंटकडून आधीच मागून घ्यावा लागतो.