‘गरीब स्वभावाची’: शिफारसपत्रं लिहून घेण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीतल्या एका भाषांतर केंद्राकडून मी गेल्या आठ महिन्यांत चौदा शिफारसपत्रं करून घेतली. पद्धत बहुतेकांना माहीत असेल. आपण मराठीत कच्ची टिपणं द्यायची, ते त्यावरून मराठी पत्र बांधतात, आपण ते तपासून दिलं की इंग्रजी करतात, आणि शेवटी सही-शिक्का आपला. पत्र बांधायचे ३०० रुपये, भाषांतराचे शब्दाला दोन रुपये. नाव देत नाही, कारण बिलाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

हे लिहायला बसलो ते जानेवारीतल्या एका पत्रामुळे. बारावीतली माझी एक विद्यार्थिनी परदेशी विद्यापीठात अर्ज करत होती. मुदतीच्या आदल्या दिवशी इंग्रजी पत्र हातात आलं आणि पहिल्याच परिच्छेदात वाचलं, ‘शी इज पुअर बाय नेचर’. मी टिपणात लिहिलं होतं, ‘गरीब स्वभावाची’. खाली ‘तिचे गुण चांगले आहेत’ याचं ‘हर क्वालिटीज आर गुड’ झालं होतं. मला मार्क म्हणायचे होते. त्या संध्याकाळी मी केंद्रात जाऊन बराच चढ्या आवाजात बोललो. पैसे परत मागितले.

तिथल्या ताईंनी पैसे दिले नाहीत. माझा टिपणाचा कागद काढून समोर ठेवला. त्यावर एवढंच होतं:

‘गरीब स्वभावाची. गुण चांगले. पाण्याचा प्रोजेक्ट झकास. परवा सेमिनारला बोलली. जरा हट्टी. वर्गात गप्प.’

सोबत त्यांची प्रश्नांची चिठ्ठी होती. ही चिठ्ठी त्या प्रत्येक पत्राला लावतात, आणि तोवर मी ती दरवेळी ‘तुम्हीच बघा’ म्हणून परत पाठवायचो. चिठ्ठीत लिहिलं होतं: गुण म्हणजे मार्क का? किती पैकी किती? परवा म्हणजे कोणती तारीख? प्रोजेक्टमध्ये तिने स्वतः काय केलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? हट्टी कशावर, आणि शेवटी काय झालं?

शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबलो. काय झालं होतं, ते सांगतो. पावसाळ्यात ही मुलगी ४१ दिवस रोज सकाळी सातला आयर्विन पुलाजवळ जाऊन कृष्णेची पातळी फुटांत टिपायची. पेपरात येणारा कोयना धरणाचा विसर्ग शेजारच्या रकान्यात लिहायची. त्यातले दोन दिवस ती तापाने घरी होती. तक्ता पूर्ण दिसावा म्हणून मी म्हणालो, मागच्या-पुढच्या दिवसाची सरासरी काढून टाक. ती म्हणाली, ‘सर, त्या दिवशी मी गेलेच नव्हते.’ मी दोनदा सांगितलं, तिने दोन्ही वेळा मान हलवली. ते दोन रकाने कोरेच राहिले आणि खाली तळटीप आली. याला मी ‘जरा हट्टी’ लिहिलं होतं.

त्या रात्री मी चिठ्ठी पूर्ण भरली. सकाळी मराठी पत्रात हा परिच्छेद आला:

‘या विद्यार्थिनीने आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदीची पातळी ४१ दिवसांच्या काळात रोज सकाळी नोंदवली. आयर्विन पूल सांगली शहरात आहे. येथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. आजारपणामुळे तिच्या दोन दिवसांच्या नोंदी राहिल्या. त्या जागी सरासरी लिहावी, असे मी सुचवले. तिने नकार दिला आणि ते रकाने कोरे ठेवून कारण नोंदवले. तिचा निर्णय योग्य होता.’

यातली वाक्यं मुद्दाम तोडलेली आहेत. मराठीत आपण कर्ता गाळतो, ‘गेली, नोंदवलं, आणून दिलं’ असं सलग लिहितो. इंग्रजी करणाऱ्याला मग कोणी काय केलं ते अंदाजाने भरावं लागतं. म्हणून पत्रात प्रत्येक वाक्याला कर्ता असतो, ‘परवा’च्या जागी तारीख असते, मार्क ‘१०० पैकी ९१’ असे असतात आणि ‘झकास’सारखा शब्द नसतो. आयर्विन पूल काय आहे हेही तिथेच सांगून टाकलेलं असतं, नाहीतर परदेशात वाचणाऱ्याला ते नुसतं एक नाव. आणखी एक खोड माझी स्वतःची होती. मी प्राचार्यांबद्दल आदराने ‘त्यांनी कौतुक केलं’ लिहायचो, आणि एका पत्रात त्याचं ‘दे’ होऊन कौतुक करणारे अनेकजण झाले होते. आता तिथे पद लिहितो.

‘वर्गात गप्प’ हे मला काढून टाकायचं होतं. पोरीचं नुकसान कशाला करायचं, असं वाटलं. ताईंचं म्हणणं होतं की नुसती स्तुती असलेलं पत्र वाचणाऱ्याला शिक्षक मुलीला ओळखतो का याचीच शंका येते. कमी बाजू ठेवा, पण जेवढी पाहिली तेवढीच. मग असं लिहिलं: ती वर्गात आपणहून क्वचित बोलते. १२ डिसेंबरच्या सेमिनारमध्ये पहिली दोन मिनिटं तिने कागदातून वाचलं. प्रश्न सुरू झाल्यावर मात्र ती फळ्याकडे गेली आणि तक्ता काढून उत्तरं दिली. पुढे एक ओळ मी स्वतःहून घातली, की मी तिला दोन वर्षं फक्त भूगोल शिकवला आहे, इतर विषयांतल्या तयारीबद्दल मी सांगू शकत नाही. ही ओळ लिहिताना हात अडखळला होता. आज ती मला पत्रातली सगळ्यात खरी ओळ वाटते.

पत्र मुदतीत गेलं. केंद्राबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं, आणि पुढच्या नऊ पत्रांत मी एकही चिठ्ठी कोरी पाठवली नाही. टिपण आता मी पत्र मागितल्यावर आठवून लिहीत नाही. वर्षभर हजेरीवहीच्या मागच्या पानांवर तारीख टाकून एकेक ओळ ठेवतो. इंग्रजी आलं की स्टाफरूममधल्या इंग्रजीच्या मॅडमना ते वाचून मला मराठीत सांगायला लावतो, माझं मूळ त्यांना न दाखवता. त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या गोष्टीशी जुळली नाही, तर तिथे खूण करून परत पाठवतो. ‘गरीब स्वभावाची’ आधीच असं वाचून घेतलं असतं, तर पहिल्या मिनिटात सापडलं असतं.

आता बिल. भाषांतराचे शब्द ते इंग्रजीतले मोजतात. मराठीत ‘पुलावरून’ हा एक शब्द, इंग्रजीत ‘फ्रॉम द ब्रिज’ असे तीन. या पत्राचं मराठी ३१२ शब्दांचं होतं, इंग्रजी ४३१ झालं. म्हणजे ११९ शब्द जास्त, २३८ रुपये जास्त, आणि त्यात मी लिहिलेलं नवीन काहीच नाही. उलट वाक्यं तोडा, कर्ता घाला, पूल कुठे आहे ते सांगा, हे सगळं त्यांच्याच सांगण्यावरून केल्यामुळे शब्द वाढतात आणि आकार मला पडतो. हे पैसे मी विद्यार्थ्यांकडून घेत नाही, माझ्या खिशातून जातात. चौदा पत्रांचा हिशेब मांडला तर ही रक्कम माझ्यासारख्याला जाणवते. मूळ मराठी शब्द मोजावेत, निदान त्यांनी स्वतः बांधलेल्या पत्राला तरी, ही माझी मागणी आहे. ताईंना ती पटते, मालकांना पटत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा पत्रांची वेळ येईल. पत्र बांधायला मी तिथेच जाईन, कारण तशी चिठ्ठी मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. भाषांतराचा दर मात्र आधी कागदावर लिहून घेणार आहे. जूनचं बिल मी सही न करता परत दिलं आहे आणि ३१२ व ४३१ हे दोन्ही आकडे त्यावर लाल पेनाने लिहिले आहेत.