जोड तुळई म्हणून विकलेल्या दोन सुट्या फळ्या

कोठ्यावर माळा घालणाऱ्यांनी किंवा घराचं काम काढलेल्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे. आमच्या वणी भागात तुळईजोगं अखंड जाड सागवान आता परवडत नाही. त्यामुळे दोन फळ्या एकमेकींवर सरसानं चिकटवून 'जोड तुळई' विकली जाते. यात मुळात काही वाईट नाही. नीट चिकटवलेली जोड अखंड लाकडासारखंच काम देते. पण तालुक्याच्या एका आरामशीनवाल्यानं मला दिली, ती फक्त चिकटवलेली दिसत होती. सरस, दाब आणि मजुरी यांचे पैसे मात्र त्यानं वेगळे लावले होते.

माल असा होता. ५० मिलिमीटर जाड आणि १५० मिलिमीटर रुंद अशा दोन फळ्या, एकीवर एक आडव्या. दोन्ही टोकांना दोन-दोन खिळे. सांध्याच्या कडेनं सरसाची सुबक रेघ आणि वरून वॉर्निशचा हात. दोन भिंतींमधलं अंतर २.४ मीटर. माळ्यावर तुरीची पोती चढली, मधल्या तुळईवर थप्पी लागली आणि 'तड' असा आवाज झाला. बघता बघता तुळई इंचभर खाली आली. आरामशीनवाल्याचं म्हणणं ठरलेलं: "लाकूड हाय भाऊ, थोडंसं तं वाकनच."

लाकूड वाकतं, हे खरं. पण किती वाकावं याला हिशेब आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आहे, म्हणून तो मांडून दाखवतो.

फळीवर वजन आलं की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोन सुट्या फळ्या एकमेकींवर असतील तर प्रत्येक फळी हे आपापलं करते. वरच्या फळीचा तळ ताणला जातो आणि त्याला टेकलेला खालच्या फळीचा माथा दाबला जातो. एक लांब होते, दुसरी आखूड, म्हणून त्या एकमेकींवरून सरकतात. वही वाकवली की पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या मागेपुढे होतात, तसंच. सरस हे सरकणंच अडवतो. मग दोन्ही मिळून एकच जाड लाकूड बनतं. वरची फळी जवळजवळ सगळी दाब घेते, खालची जवळजवळ सगळी ताण.

वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर चालतो. जाडी दुप्पट झाली की विरोध आठपट. सुट्या दोन फळ्यांचा विरोध मात्र नुसता एक अधिक एक, म्हणजे दुप्पट. म्हणून त्याच वजनाखाली चिकटवलेली जोड सुट्या जोडीच्या एक चतुर्थांशच वाकते. ताकद जाडीच्या वर्गावर चालते. चिकटवलेली जोड एका फळीच्या चौपट वजन पेलते, सुटी जोड दुप्पट. म्हणजे ताकदीत फरक दुपटीचा आणि वाकण्यात चौपटीचा. लाकूड सागवान असो की आंजन, दोन्ही फळ्या एकाच लाकडाच्या आणि सारख्या जाडीच्या असल्या की ही प्रमाणं बदलत नाहीत.

आता माझी तुळई. ५० किलोची ६ पोती, म्हणजे ३०० किलो. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळं वजन मधोमध धरू. सागवानाचा ताठपणा साधारण १०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, तर सुटी जोड सुमारे २८ मिलिमीटर वाकायला हवी आणि चिकटवलेली ७ मिलिमीटर. माझी इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर वाकली. माल कोणता होता ते इथेच कळतं.

"खिळे मारले हायेत ना," असंही तो म्हणाला. त्याचाही हिशेब आहे. एवढ्या वजनाला सांध्यावर मधोमधपासून एका टोकापर्यंत मिळून सुमारे २,७०० किलोचा सरकवणारा जोर येतो. पूर्ण पृष्ठभागावर सरस असेल तर हा जोर दर चौरस मिलिमीटरला ०.१५ न्यूटन एवढाच पडतो, आणि चांगल्या सांध्याला तो काहीच नाही. पण तोच जोर दोन खिळ्यांवर आला तर? एक जाडसर खिळा आडवा फार तर शंभरेक किलो धरतो, आणि धरण्याआधी थोडा झुकतोच.

गावातल्या सुतारकाकांनी ती तुळई करवतीनं मधोमध कापली. आत लाकूड कोरडं, करवतीचे ओरखडे तसेच, रंधा फिरलेलाच नाही. सरस फक्त कडेला, दोनेक मिलिमीटर आत गेलेला. तो 'तड' आवाज त्या रेघेचा होता.

लाकूड न कापताही हे ओळखता येतं. गुण्या लावून तुळईच्या बाजूवर, दोन्ही फळ्यांवरून जाणारी उभी पेन्सिलची रेघ मारा. एक मधोमध, दोन टोकांजवळ. मग वजन ठेवा. सांधा खरा असेल तर रेघा अखंड राहतात. सुटा असेल तर टोकांच्या रेघा सांध्यावर तुटून मागेपुढे होतात. माझ्या मापाला आणि ३०० किलोला हे अंतर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येतं, डोळ्याला सहज दिसतं. मधली रेघ मात्र तुटत नाही, कारण मधोमध सरकणं शून्य असतं. म्हणून नुसती मध्यावर पाहणी करून विक्रेत्याचं ऐकू नका.

दुसरी तपासणी आरामशीनवरच करता येते. त्याच मापाची एक सुटी फळी दोन ठोकळ्यांवर ठेवा, मधोमध १०० किलो ठेवा, ताणलेल्या दोरीपासून पट्टीनं झोळ मोजा. २.४ मीटरला तो १८ मिलिमीटरच्या जवळपास येईल. आता तिथेच, त्याच वजनाला जोड तुळई मोजा. झोळ निम्मा, म्हणजे ९ आला तर माल सुटा आहे. आठवा हिस्सा, म्हणजे २ ते अडीच आला तर सांधा खरा. या रीतीत लाकडाचा ताठपणा माहीत असण्याची गरजच नाही. वॉर्निश लागण्याआधी हे करून घ्या, म्हणजे सांधाही उघडा पाहता येतो.

सांधा खरा असला तरी सरस कोणता, ते विचारा. फर्निचरचा साधा पांढरा सरस उन्हाळ्यात टिनाखालच्या माळ्यावर नरमतो, आणि कायमच्या वजनाखाली सांधा हळूहळू सरकू लागतो. ओलावा लागला तर आणखी लवकर. कायम वजन घेणाऱ्या तुळईला रिसॉर्सिनॉल जातीचा सरस लागतो. सागवान तेलकट असतं, म्हणून रंधा मारल्या मारल्या सरस लावायचा आणि पूर्ण लांबीवर शिकंजे आवळून ठेवायचे.

बरीच हुज्जत घातल्यावर चिकटवण्याचे पैसे परत मिळाले, लाकडाचे नाही. उरलेल्या तुळयांच्या फळ्या सुतारकाकांनी सुट्या केल्या आणि शेजारी-शेजारी उभ्या लावल्या, म्हणजे १५० मिलिमीटरची बाजू उभी. अशा ठेवणीत दोन्ही फळ्या सारख्याच वाकतात, एकमेकींवरून सरकायचा प्रश्नच येत नाही, म्हणून सरस लागत नाही. आडव्या सुट्या जोडीच्या नवव्या हिश्शाएवढाच झोळ येतो, ३०० किलोला ३ मिलिमीटर. माळ्याखालची उंची ५ सेंटिमीटरनं कमी झाली, आणि फळ्या कलंडू नयेत म्हणून भिंतीजवळ व मधे ठोकळे मारावे लागले.