केएनएन, ट्री की लिनियर मॉडेल: वेळ आणि मेमरी कुठे खर्च होते?

परीक्षेत n उदाहरणं आणि d फीचर्स देऊन तिन्ही मॉडेल्सचा खर्च विचारतात, मग एखादी परिस्थिती सांगून निवड करायला लावतात. निवडीसाठी एकच गोष्ट आधी बघावी: प्रेडिक्शनच्या सूत्रात n उरतो की d? n = १,००,००० आणि d = ५० धरू.

केएनएन ट्रेनिंगमध्ये काही शिकत नाही, फक्त डेटा साठवतं. त्यामुळे ट्रेनिंग O(1), आणि कॉपी करणं मोजलं तर O(nd). कोणतं धरलंत ते लिहा. खरा खर्च नंतर येतो. प्रत्येक नव्या बिंदूचं सगळ्या उदाहरणांपासून अंतर काढायचं, म्हणजे O(nd), इथे ५० लाख गुणाकार, तेही दर प्रश्नाला. शिवाय सगळा डेटा जवळ हवाच: ५० लाख आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ४० एमबी. केडी-ट्री वापरली तर शोध सरासरी O(log n) होतो, पण मोजक्याच मितींत. ५० मितींमध्ये जवळजवळ सगळ्याच फांद्या तपासाव्या लागतात.

लिनियर रिग्रेशन याच्या अगदी उलट. नॉर्मल इक्वेशनने ट्रेनिंग O(nd² + d³). इथे पहिलं पद २५ कोटी आणि दुसरं जेमतेम सव्वा लाख. पण हे एकदाच. नंतर ५१ आकडे ठेवायचे आणि प्रेडिक्शनला ५० गुणाकार. n पूर्ण नाहीसा होतो.

उत्तर लिहिताना सगळ्यात जास्त चुका डिसिजन ट्रीच्या खर्चात होतात. फीचर्स आधीच सॉर्ट करून ठेवली तर प्रत्येक पातळीवर nd इतकं काम होतं. ट्री समतोल असेल तर पातळ्या log₂ n, म्हणजे सुमारे १७, म्हणून ट्रेनिंग O(nd log n). प्रेडिक्शनला फक्त १७ तुलना, कारण वाटेतल्या प्रत्येक नोडवर एकच फीचर पाहिलं जातं. म्हणजे इथे ट्रीला लिनियरपेक्षाही कमी काम आहे! मात्र ‘समतोल’ हे गृहीतक न लिहिता O(log n) लिहिणं चूक आहे. दर विभाजनात एकच उदाहरण बाजूला पडत गेलं तर खोली n पर्यंत जाते, प्रेडिक्शन O(n) आणि ट्रेनिंग O(n²d) होतं. मेमरी मात्र दोन्ही वेळा O(n): पूर्ण वाढलेल्या बायनरी ट्रीत जास्तीत जास्त 2n − 1 नोड्स असतात आणि नोडला d लागत नाही. खोलीवर h अशी मर्यादा घातली असेल तर प्रेडिक्शन O(h).

म्हणून ‘मेमरी अगदी थोडी’ अशी अट असेल तर मी लिनियर निवडेन, ‘उत्तर झटपट हवं आणि d मोठा’ असेल तर उथळ ट्री. डेटात सतत भर पडत असेल आणि प्रश्न क्वचितच विचारले जात असतील, तर केएनएन.

d = २०,००० दिला असेल तर d³ = ८ लाख कोटी होतं. तिथे लिनियरच निवडा, पण नॉर्मल इक्वेशनऐवजी ग्रेडियंट डिसेंट लिहा: T फेऱ्यांना O(ndT), आणि d × d मॅट्रिक्स साठवायची गरज राहत नाही.