तिन्ही पाईप ‘पाऊण इंची’, मग सोलरच्या पाण्याला कुठला?

तळमजल्यावर दोन मजले, गच्चीवर टाकी आणि सोलर, खाली बाथरूमचं काम काढलेलं. दुकानातून तीन पाईपांचे फोटो मोबाईलवर आले आणि दुकानदाराने तिन्हींना ‘पाऊण इंची’च म्हटलं. कंपनीचं मोठं नाव सोडून बारीक छपाई वाचली, तर ती साधारण अशी असते:

```
CPVC 20 mm 3/4" SDR 11 IS 15778 CM/L-…
uPVC 3/4" SCH 40 ASTM D1785
uPVC 25 mm CL 5 10 kgf/cm2 IS 4985 CM/L-…
```

आधी दाबाचा हिशेब करू, कारण दुकानात सगळी चर्चा त्याचीच होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक केजी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. अशा घरात टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत जेमतेम एक-सव्वा केजी भरतो. प्रेशर पंप लावला तर त्यात दोनेक केजींची भर. तिसऱ्या फोटोतला क्लास ५ म्हणजे १० केजी. थंड पाण्याला तो भरपूर झाला. उरलेले दोन तर त्याच्याही कितीतरी पुढे आहेत. म्हणजे दाबावरून निवड होतच नाही. निवड होते ती तापमानावरून.

छापलेला दाब गार पाण्यासाठीचा असतो. तिसऱ्या फोटोतल्या आयएस ४९८५ या मानकात तो २७ अंशांना धरलेला आहे, आणि पाणी तापलं की प्लास्टिकची ताकद भराभर उतरते. दुसऱ्या फोटोतला पाऊण इंची शेड्यूल ४० पाईप २३ अंशांना ४८० पीएसआय, म्हणजे सुमारे ३४ केजी सोसतो. ६० अंशांना त्यातले सातच उरतात. कागदावर सातही पुरेसे वाटतील, पण यूपीव्हीसीची हद्द तिथेच संपते आणि उन्हाळ्यात दिवसभर न वापरलेलं सोलरचं पाणी साठच्या वर सहज जातं. मग पाईप दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ खातो आणि सांधे ओढले जाऊन पाझरू लागतात. सीपीव्हीसी एसडीआर ११ मात्र २३ अंशांना ४०० आणि ८२ अंशांना १०० पीएसआयचा असतो. हे १०० म्हणजेही सात केजी, पण ८२ अंशांना. गरम लाईनला पहिलाच फोटो, यात दुमत नको.

त्याच छपाईत ११ ऐवजी १३.५ असेल तर? एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, त्यामुळे आकडा वाढला की भिंत पातळ. २२.२ मिलिमीटरच्या पाईपात ही जाडी दोनवरून १.६५ वर येते. गार पाण्याला चालेल. भिंतीत गाडायच्या गरम लाईनला मी तरी ११ च घेईन, टाइल फोडण्याच्या खर्चापुढे हा फरक किरकोळ आहे. शेड्यूलचा आकडा उलट वागतो: ४० पेक्षा ८० जाड. ४० म्हणजे ४० केजी नव्हे, हेही एकदा प्लंबरला विचारून बघा. शिवाय एसडीआर सारखा असेल तर सगळ्या मापांना दाब तोच राहतो. शेड्यूलचा दाब मात्र माप वाढलं की घटतो, चार इंची शेड्यूल ४० ला तो २२० पीएसआयच उरतो.

मापाचा घोटाळा फोटोत दिसतच नाही. या तिघांचे बाहेरचे व्यास अनुक्रमे २२.२, २६.७ आणि २५ मिलिमीटर आहेत, म्हणून एकाचा एल्बो दुसऱ्यावर बसत नाही. दुकानदाराला पाईपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मोजायला सांगा: सात सेंटिमीटर भरली तर सीपीव्हीसी, सुमारे ८.४ तर शेड्यूलचा, ७.८ च्या आसपास तर २५ मिलिमीटरचा. रंगावर जाऊ नका; पिवळ्या दिव्याखाली पांढरा यूपीव्हीसीही सीपीव्हीसीसारखा क्रीम दिसतो.

छपाई पाईपभर पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ‘इथे पुसलंय’ ही सबब चालवून घेऊ नका. पुढचा तुकडा बघायला सांगा. दशांश चिन्ह पुसलं की १३.५ चा १३५ होतो, तेवढं ओळखता येतं. पण फोटोच ‘SDR 1’ वर कापलेला असेल तर पुढे १ आहे की ३.५, हे कुणीच सांगू शकणार नाही. राखाडी पाईपावर आयएस १३५९२ दिसलं तर तो सांडपाण्याचा, आणि टाईप ए किंवा बी काहीही असो, दाबाच्या लाईनला बाद. छपाई खरी की खोटी हे फोटोवरून कळत नाही. आयएसआय खुणेजवळचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून परवाना चालू आहे का आणि तो याच मानकाचा आहे का, ते पैसे देण्याआधी बघा.