फोटोवरून लुईस स्ट्रक्चर सोडवून देणारी सर्व्हिस: आठ महिने वापरल्यावर

लेक बारावीला आहे, सीईटी द्यायचीय. जूनमध्ये क्लासवाल्यांनी ही एक्स्ट्रा सोय काढली, प्रश्नाचा फोटो पाठवायचा आणि संध्याकाळी सात ते दहामध्ये तिकडचे सर नाहीतर मॅडम वहीवर सोडवून त्याचा फोटो परत पाठवतात. महिन्याला 600 रुपये. नाव टाकत नाही, कारण पुढे थोडी तक्रार पण करणारे. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री केलीय पण त्याला वीस वर्षं झाली, त्यामुळे म्हटलं घेऊन बघू. बाकी धड्यांचं सांगत बसत नाही, आम्ही सगळ्यात जास्त वापरलं ते केमिकल बॉण्डिंगला, म्हणजे स्ट्रक्चर काढा, शेप सांगा, हायब्रिडायझेशन सांगा टाइपचे प्रश्न.

आधी चांगलं सांगते. उत्तर नुसतं टिक करून येत नाही, इलेक्ट्रॉनचा हिशोब वरपासून लिहिलेला असतो. लेकीची जुनी सवय म्हणजे सरळ फॉर्म्युला लावायचा, मधल्या अणूचे व्हॅलन्स इलेक्ट्रॉन अधिक भोवतीचे एका बॉण्डवाले अणू, पॉझिटिव्ह चार्ज वजा, निगेटिव्ह चार्ज अधिक, आणि सगळ्याचं अर्धं. 4 आलं की sp³, 5 आलं की sp³d, झालं. तिकडच्या मॅडमनी दोन महिने तिला हा फॉर्म्युला वापरूच दिला नाही, आधी ठिपके काढ म्हणायच्या. तेव्हा मलाही वाटलं उगाच वेळ घालवतायत.

मग ऑगस्टमध्ये ICl₂⁻ चा घोळ झाला. प्रश्नसंच अप्पा बळवंत चौकातून आणलेला, झेरॉक्सची झेरॉक्स, वर चार घड्या घालून सॅकमध्ये कोंबलेला. लेकीने रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढून पाठवला, उत्तर आलं sp³, बेंट. आन्सर की मध्ये sp³d, लिनिअर. पर्याय दोन्ही दिलेले, त्यामुळे पर्यायांवरूनही काही कळेना. लेक म्हणाली, "आई, यांनाच येत नाही, पैसे वाया." मी त्यांचा हिशोब ओळीओळीने तपासला. आयोडिनचे 7, दोन क्लोरीनचे 14, एकूण 21, त्यातून त्यांनी 1 वजा केला होता, 20. दोन बॉण्डला 4 गेले, उरले 16, दोन्ही क्लोरीनला सहा सहा दिले, उरले 4, म्हणजे आयोडिनवर दोन लोन पेअर. दोन बॉण्ड आणि दोन लोन पेअर, चार जोड्या, sp³, बेंट. एकही चूक नाही! फक्त हे ICl₂⁺ चं उत्तर होतं. मग फोटो मोठा करून बघितला तर कागदाची घडी बरोबर त्या मायनसवरून उभी गेलेली, मायनसचा प्लस झालेला. मीसुद्धा प्लसच वाचला असता.

खरा हिशोब असा. निगेटिव्ह चार्ज म्हणून 1 मिळवायचा, 22. बॉण्डचे 4 गेले, क्लोरीनवरचे 12 गेले, उरले 6, म्हणजे आयोडिनवर तीन लोन पेअर. एकूण पाच जोड्या, sp³d, जोड्यांची मांडणी ट्रायगोनल बायपिरॅमिडल. आता इथे लेक पुन्हा अडकली, तिने शेपमध्येपण ट्रायगोनल बायपिरॅमिडलच लिहिलं. मॅडमनी लिहून पाठवलं की शेप सांगताना फक्त अणू बघायचे, लोन पेअर जागा अडवतात पण नाव देताना मोजायच्या नाहीत. आणि त्या बसतात कुठे, तर मधल्या पट्ट्यात, इक्वेटोरियलला. तिथे बसलेल्या जोडीला 90 अंशावर दोनच शेजारी असतात, वर किंवा खाली बसली तर तीन. लोन पेअरला पसरायला जागा लागते म्हणून ती कमी गर्दीची जागा घेते. तिन्ही लोन पेअर तिथे गेल्या की क्लोरीनला उरतं एक वर एक खाली, सरळ रेष, 180 अंश. लेकीने हे तीन चणे आणि दोन शेंगदाणे टूथपिकला टोचून केलं, तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

(कॉलेजात पुढे गेल्यावर अशा रेणूंत d ऑर्बिटलचा खरा वाटा फारच थोडा असतो असं शिकवतात, पण पेपरात sp³d च लिहायचं, उगाच शहाणपणा करून मार्क घालवू नयेत. शेप तसाही जोड्या मोजूनच ठरतो.)

त्यानंतर एकदा चार्ज फोटोत आलाच नाही, वरची कड कापली गेली. या वेळी मात्र तिकडून पाच मिनिटांत मेसेज, "अगं चार्ज कुठेय? 21 होतायत." हे मला फार आवडलं. एकूण बेरीज विषम आली की इलेक्ट्रॉनच्या जोड्या लागतच नाहीत, एक सुटा राहतो, फॉर्म्युल्यात टाकलं तर साडेचार येतं. साडेचारचं हायब्रिडायझेशन कुठून आणणार? NO₂ सारखे खरेच विषम इलेक्ट्रॉनवाले रेणू असतात, पण मोजकेच, त्यामुळे आधी संशय फोटोवर घ्यायचा.

पण यावर पूर्ण विसंबता येत नाही, तेही आमच्याकडूनच कळलं. घडीवाल्या केसमध्ये 20 पण सम, 22 पण सम, काहीच खटकलं नाही. आणि चार्ज दोनचा असेल तर तो पूर्ण गायब झाला तरी बेरीज समच राहते. दिवाळीनंतर SO₃²⁻ च्या प्रश्नात हेच झालं, वरचा 2− अंगठ्याच्या सावलीत गेला आणि ते SO₃ समजून सोडवलं गेलं. 24 इलेक्ट्रॉन, तीन बॉण्डला 6, उरलेले 18 तीन ऑक्सिजनवर, सल्फरवर एकही लोन पेअर नाही, sp², सपाट त्रिकोण. खऱ्या आयनमध्ये 26, म्हणजे दोन जास्त, ते सल्फरवर लोन पेअर होऊन बसतात, sp³, शेप पिरॅमिडल. प्रश्नाच्या खालच्या ओळीत सोडियम सल्फाइट असं स्वच्छ छापलं होतं हो! ती ओळ फोटोत होती, वाचायला हवी होती. माझी मुख्य तक्रार हीच आहे, दहा वाजत आले की नऊ पन्नासची उत्तरं घाईत येतात आणि अख्खा प्रश्न कोणी वाचत नाही. त्या दिवशी मॅडम नव्हत्या, कोणीतरी सर होते. कळवलं तर सॉरी आलं, पण सुधारून उत्तर यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली.

आता आम्ही काय करतो तर कागद पुस्तकाखाली दाबून सपाट करतो, दिवसा गॅलरीत फोटो काढतो, आणि फोटोखाली चार्ज शब्दांत टाइप करतो, "आय सी एल टू, मायनस वन" असं. लेकीला आधी हे फार बालिश वाटायचं. आता स्वतःच करते, आणि पाठवायच्या आधी एकूण इलेक्ट्रॉनचा आकडापण लिहिते, म्हणजे तिकडचा आकडा वेगळा आला की लगेच कळतं कोणी काय वाचलंय. गंमत म्हणजे एवढं लिहीपर्यंत निम्मे प्रश्न तिचे तिलाच सुटतात, मागच्या महिन्यात जेमतेम नऊ फोटो पाठवले. 600 तेवढेच कापले गेले. मेपर्यंत ठेवणार आहे, पण दर फोटोमागे पैसे घेणारा प्लॅन काढा असं त्यांना सांगून झालंय, अजून उत्तर नाही.