कमी दिसतं? मग मोबाईल बरा की टीव्हीचा रिमोट?

मोबाईलवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून सिनेमे पाहायचे, की टीव्हीला फायर टीव्ही स्टिक जोडून तिथं तेच काम करणारं व्हॉइसव्ह्यू चालू करायचं? मी दोन्ही वापरतो. मला काचबिंदू आहे. कडेचं गेलं, मधलं थोडं शाबूत आहे. ज्यांचं मधलं गेलंय त्यांचं मत वेगळं पडू शकतं.

मोबाईल डोळ्याजवळ नेता येतो, टॉकबॅकला मराठी आवाज मिळतो आणि लातुरात भर दुपारी लाईट गेली तरी सिनेमा थांबत नाही. अक्षरं मोठी करण्याचा मला मात्र बेताचाच फायदा झाला. कडेची नजर नसली की अक्षर जितकं मोठं, तितके कमी शब्द एका नजरेत मावतात. शिवाय पोस्टरवरचं नाव हे चित्रच असतं, ते सेटिंगने मोठं होत नाही. ते टॉकबॅककडूनच ऐकावं लागतं.

हे सगळं चालवून घेतलं असतं. वैताग आणला तो दहा सेकंद मागे जाण्याने. एखादा संवाद निसटला की आधी पडद्यावर दोनदा टिचकी मारून बटणं आणायची, मग बोटाने उजवीकडे सरकवत एकेक ऐकायचं: परत जा, लॉक, सबटायटल... हव्या त्या बटणावर पोचेपर्यंत सगळी बटणं गायब! परत पहिल्यापासून. त्यात टॉकबॅकच्या बोलण्याखाली पुढचे दोन संवादही जातात. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ही वेळ दोन मिनिटांपर्यंत वाढवायची सोय आहे, पण ती प्रत्येक ॲप मानतंच असं नाही. मी जे जास्त पाहतो ते तर मुळीच मानत नाही.

रिमोटवर मागे जायचं बटण अंगठ्याखाली कायम तिथंच असतं. पडद्यावर काही शोधायचंच नाही. सिनेमा सुरू झाला की बॅक आणि मेन्यू ही बटणं दोन सेकंद एकत्र दाबून व्हॉइसव्ह्यू बंद करायचं, संपल्यावर तसंच चालू. टेक्स्ट बॅनर नावाची आणखी एक सोय आहे: ज्यावर आपण आहोत त्याचा मजकूर मोठ्या अक्षरात पडद्यावर एकाच ठरलेल्या जागी येतो. माझ्यासारख्या अरुंद नजरेला ती फार मानवली, कारण पडदाभर शोधत फिरावं लागत नाही.

टीव्हीवर नाव टाईप करणं मात्र जिवावर येतं, एकेक अक्षर ऐकत बाण दाबत बसा. रिमोटवरच्या माईकने बरंचसं भागतं. गावाकडचं एखादं नाव तो भलतंच ऐकतो, तेवढं सोडा.

शेवटी नजर तुमची, पण घरात टीव्ही असेल तर मी तरी आधी रिमोटकडेच वळेन. मोबाईलच घ्यायचा असेल, तर टॉकबॅक चालू ठेवून दोन बोटांनी दोनदा टिचकी मारून बघा. बटणं न शोधता तुमच्या ॲपमधला सिनेमा थांबला, तर निम्मा त्रास तिथंच वाचेल.